लांब पेनस्टॉकमधून टर्बाइनला खरोखर किती हेड मिळते? नेट हेड आणि शक्ती काढण्याची रीत

छोट्या जलविद्युत केंद्रावर काम केलेल्याने हा प्रकार एकदा तरी पाहिलेला असतो. मीटरवर ५६ किलोवॅट दिसत असतात. पाइपच्या वरच्या तोंडाशी असलेली फोरबे टाकी काठोकाठ भरलेली असते आणि सांडव्यावरून पाणी वाया जात असते. एवढे पाणी फुकट का घालवायचे म्हणून ऑपरेटर नॉझल आणखी उघडतो. टर्बाइनचा आवाज वाढतो, खालच्या चरातून जास्त पाणी वाहू लागते आणि मीटरचा आकडा ५६ वरून ५३ वर येतो. मग जनरेटरवर संशय, मीटरवर संशय, शेवटी टर्बाइन बनवणाऱ्यावर संशय. बहुतेक वेळा या तिघांपैकी कोणाचाही दोष नसतो. जास्तीचे पाणी टर्बाइनपर्यंत पोचते खरे, पण त्याची ऊर्जा वाटेत पाइपच्या भिंतीशी घासण्यात खर्च झालेली असते.

टाकीतले पाणी टर्बाइनपर्यंत नेणारा हा पाइप, म्हणजे पेनस्टॉक, आखूड असेल तर ही गोष्ट दुर्लक्षिता येते. तो उंचीच्या दहा-पंधरा पट लांब झाला की मात्र सगळा हिशेब घर्षणाभोवतीच फिरतो. म्हणून इथे एकच उदाहरण घेऊन ते पहिल्या मोजणीपासून प्रेशर गेजच्या आकड्यापर्यंत नेऊ. फोरबेतल्या पाण्याची पातळी नॉझलच्या मध्यरेषेपेक्षा ६० मीटर उंच आहे. पेनस्टॉक पोलादी, ९०० मीटर लांब, आतला व्यास ३०० मिलिमीटर. टर्बाइन दोन नॉझलचे टर्गो. पाणी सेकंदाला १५० लिटर वापरायचे ठरले आहे.

आधी ६० मीटर म्हणजे कुठून कुठपर्यंत ते ठरवा

ग्रॉस हेड म्हणजे वरच्या आणि खालच्या पातळीतला उभा फरक. वरची पातळी म्हणजे फोरबेतल्या पाण्याचा पृष्ठभाग, पाइपचे तोंड नव्हे. तोंड पाण्याखाली एक मीटर असो की दोन, त्याने हेड बदलत नाही. ही पातळी कचरा अडवणाऱ्या जाळीच्या आतल्या बाजूला मोजावी. तसे केले की जाळीतली घट आपोआप हिशेबाबाहेर राहते आणि तिच्यासाठी वेगळा अंदाज बांधावा लागत नाही.

खालची पातळी टर्बाइनच्या जातीवर ठरते. पेल्टन आणि टर्गोमध्ये पाण्याची धार उघड्या हवेत सुटते, त्यामुळे नॉझलच्या मध्यरेषेपर्यंतचीच उंची कामाची असते आणि त्याखालचे पाणी नुसते पडते. फ्रान्सिस टर्बाइनला खालच्या पाण्यात बुडालेली ड्राफ्ट ट्यूब असते, त्यामुळे तिथे टेलरेसमधल्या, म्हणजे खालच्या चरातल्या, पाण्याच्या पातळीपर्यंत मोजायचे. एका जातीचे माप दुसरीला लावले तर दोन-तीन मीटरची चूक सहज होते.

पेनस्टॉकची लांबी मात्र पाइपच्या अंगाने मोजायची. नकाशावरचे आडवे अंतर उतारावरच्या खऱ्या लांबीपेक्षा कमी भरते, आणि घर्षण होते ते खऱ्या लांबीवर.

सर्वांत सोपा आणि सर्वांत फसवा हिशेब इथेच केला जातो. नॉझल बंद असताना त्याच्या पातळीवरच्या गेजवर ५.९ बार दिसतात. ६० मीटर पाण्याचा दाब तेवढाच असतो, म्हणून तोच आकडा सूत्रात घातला जातो:

```
P = 9.81 * Q * H        (kW; Q in m3/s, H in m)
```

९.८१ × ०.१५ × ६० म्हणजे ८८.३ किलोवॅट. टर्बाइनची कार्यक्षमता ८२ टक्के आणि जनरेटरची ९३ टक्के धरली तर ६७ किलोवॅट वीज. प्रस्तावात ६७ लिहिले जाते आणि केंद्र सुरू झाल्यावर ५३ मिळतात. गेज खोटे बोललेले नसते. पाणी स्थिर असताना घर्षण नसते, एवढेच.

वेग आणि वेग-हेड

आता पाणी चालू करू. ३०० मिलिमीटर व्यासाच्या पाइपचे आतले क्षेत्रफळ ०.०७०७ चौरस मीटर. सेकंदाला ०.१५ घनमीटर पाणी त्यातून जायचे तर वेग २.१२ मीटर प्रति सेकंद येतो. या वेगाची ऊर्जा मीटरमध्ये मांडली की तिला वेग-हेड म्हणतात: V²/2g, म्हणजे इथे ०.२३ मीटर. आकडा क्षुल्लक वाटतो, पण पुढची प्रत्येक घट याच्याच पटीत मोजली जाते. म्हणून तो नीट काढून बाजूला लिहून ठेवावा.

आतला व्यास मुद्दाम म्हटले आहे. पाइपवर छापलेले नाममात्र माप आणि प्रत्यक्ष आतले माप यांत दहा-बारा मिलिमीटरचा फरक सहज असतो, कधी जास्तीचा तर कधी कमीचा. पाणी तेवढेच ठेवले तर घर्षणातली घट व्यासाच्या पाचव्या घाताने बदलते. ३०० ऐवजी आतून २९० निघाला तर घट १८ टक्क्यांनी वाढते. बाहेरच्या व्यासातून भिंतीची जाडी दोनदा वजा करावी, आणि आतून रंग किंवा अस्तर असेल तर तेही.

घर्षणांक: सगळ्यांत नाजूक पायरी

पाइपमधल्या घटीसाठी डार्सी-वाइसबाख सूत्र वापरायचे:

```
hf = f * (L/D) * V^2/(2g)
```

यात `f` सोडून बाकी सगळे आपल्याकडे आहे. L/D म्हणजे ९०० भागिले ०.३, बरोबर ३०००. लांब पेनस्टॉकमध्ये `f` एवढा नाजूक का, ते याच आकड्यावरून कळते. `f` मधली ०.००१ ची चूक इथे तीन वेग-हेडांची चूक होते.

`f` दोन गोष्टींवर ठरतो: प्रवाह किती खळबळलेला आहे आणि भिंत किती खरबरीत आहे. पहिलीसाठी रेनॉल्ड्स अंक, म्हणजे वेग गुणिले व्यास भागिले पाण्याची गतिक श्यानता. १५ अंश सेल्सियसच्या पाण्याची श्यानता १.१४ × १०⁻⁶ चौरस मीटर प्रति सेकंद आहे. त्यावरून रेनॉल्ड्स अंक सुमारे ५,५८,००० येतो, म्हणजे प्रवाह पूर्ण खळबळीचा.

दुसरीसाठी भिंतीवरच्या खडबडीची सरासरी उंची लागते. नवीन पोलादी पाइपसाठी पुस्तकांत ०.०४५ मिलिमीटर दिलेली असते, थोडा गंज धरलेल्या पाइपसाठी साधारण ०.१५, आणि नीट गंजून खपल्या धरलेल्यासाठी एक मिलिमीटर किंवा त्याहून जास्त. मी नवीन पाइपसाठीही ०.१५ च धरतो. पाइप वर्षभरच नवीन असतो, केंद्र मात्र पंचवीस वर्षे चालायचे असते.

पूर्वी हे दोन आकडे घेऊन मूडीच्या १९४४ सालच्या आलेखात बोट फिरवावे लागे. आता १९७६ सालचे स्वामी-जैन सूत्र कॅल्क्युलेटरवर एका दमात उत्तर देते:

```
f = 0.25 / ( log10( e/(3.7*D) + 5.74/Re^0.9 ) )^2
```

`e` म्हणजे खडबडीची उंची. ती मीटरमध्ये घालायची, कारण व्यासही मीटरमध्येच आहे. कंसातले पहिले पद ०.०००१३५, दुसरे ०.००००३९, बेरीज ०.०००१७४. त्याचा दहा पायाचा लॉगरिदम उणे ३.७६, वर्ग १४.१४, आणि ०.२५ ला त्याने भागले की `f` = ०.०१७७.

या दोन पदांकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. पहिले पद भिंतीचे, दुसरे पाण्याचे, आणि भिंतीचे पद साडेतीन पट मोठे आहे. म्हणजे आपल्या पेनस्टॉकमध्ये पाण्याच्या तापमानाने फारसे काही बिघडत नाही, पण गंजाने बिघडते. तीच खडबड एक मिलिमीटर झाली तर `f` ०.०२७३ वर जातो आणि घट निम्म्याहून जास्त वाढते.

घर्षणांकाचा एक सापळा असा आहे की त्यात चांगली शिकलेली माणसेही अडकतात. रसायन अभियांत्रिकीच्या अनेक पुस्तकांत फॅनिंगचा घर्षणांक दिलेला असतो आणि तो डार्सीच्या अंकाच्या बरोबर एक-चतुर्थांश असतो. तो चुकून वरच्या सूत्रात बसला की घट चारपट कमी दिसते आणि केंद्र कागदावर फार सुंदर चालते. आलेख कोणत्या अंकाचा आहे हे त्याच्या डाव्या टोकाच्या सरळ रेषेवरून ओळखता येते. तिथे 64/Re लिहिले असेल तर डार्सी, 16/Re असेल तर फॅनिंग. पोलादी पेनस्टॉकसाठी डार्सीचा `f` साधारण ०.०१५ ते ०.०२५ मध्ये पडतो. ०.००४ च्या आसपास आकडा आला तर तिथेच थांबावे.

घट आणि नेट हेड

आता गुणाकार: ०.०१७७ × ३००० × ०.२३. मधले आकडे न तोडता पूर्ण ठेवून केले तर १२.१७ मीटर येतात. म्हणजे दर शंभर मीटर पाइपमागे १.३५ मीटर हेड गेले.

वळणे, तोंड, व्हॉल्व्ह यांतली घट वेगळी धरायची. प्रत्येकाला एक गुणांक असतो आणि तो वेग-हेडाने गुणायचा. टाकीच्या भिंतीत धारदार कडेचे तोंड असेल तर ०.५, चार साध्या वळणांचे मिळून १.०, पूर्ण उघडा बटरफ्लाय व्हॉल्व्ह ०.३, आणि दोन नॉझलसाठी पाइप दुभागतो तिथे ०.७ असे मी धरले आहेत. बेरीज २.५. त्याला ०.२३ ने गुणले की ०.५७ मीटर. पेनस्टॉक लांब असला की ही रक्कम किरकोळ ठरते, म्हणून वळणांच्या गुणांकांवर तासभर वाद घालण्यापेक्षा तो तास आतला व्यास नक्की करण्यात घालवावा. तोंडाला घंटेसारखा गोलाकार दिला तर ०.५ चा गुणांक ०.१ च्याही खाली येतो. तेवढे जरूर करावे, कारण त्याने भोवरा आणि हवा आत ओढली जाण्याचा त्रासही कमी होतो.

एकूण घट १२.७५ मीटर. ६० मधून वजा केली की नेट हेड ४७.२५ मीटर.

हे हेड नॉझलच्या अलीकडचे आहे. नॉझलमधली थोडी घट टर्बाइनच्या कार्यक्षमतेत धरण्याची पद्धत आहे, म्हणून ती इथे पुन्हा वजा करायची नाही. त्याच धर्तीची दुसरी चूक जास्त वेळा दिसते. सूक्ष्म जलविद्युतमध्ये `P = 5*Q*H` असा एक झटपट नियम चालतो. त्यातला ५ हा अंक म्हणजे ९.८१ ची साधारण निम्मी पट, आणि त्या निम्म्यात पाइपची घट, टर्बाइन, जनरेटर सगळे आलेले असते. त्या नियमात ग्रॉस हेडच घालायचे. नेट हेड घातले तर घर्षण दोनदा कापले जाते.

आता शक्ती: ९.८१ × ०.१५ × ४७.२५ = ६९.५ किलोवॅट पाण्याची. त्याला ०.८२ आणि ०.९३ ने गुणले की वीज ५३ किलोवॅट. प्रस्तावातले ६७ आणि प्रत्यक्षातले ५३ यांच्यातला फरक इथे सापडतो.

तोच हिशेब वेगवेगळ्या प्रवाहांसाठी करा

एका प्रवाहाचे उत्तर काढून थांबणे ही माझ्या मते या कामातली सर्वांत महागडी घाई आहे. घट प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणून पाणी वाढवताना हेड पायाखालून निसटत जाते. वरच्याच पायऱ्या चार प्रवाहांसाठी केल्या तर असे दिसते:

| प्रवाह (लिटर/सेकंद) | एकूण घट (मीटर) | नेट हेड (मीटर) | पाण्याची शक्ती (किलोवॅट) |
|---|---|---|---|
| १०० | ५.८ | ५४.२ | ५३.२ |
| १५० | १२.७५ | ४७.२५ | ६९.५ |
| १९० | २०.३ | ३९.७ | ७४.१ |
| २३० | २९.५ | ३०.५ | ६८.८ |

१०० वरून १५० लिटरवर गेलो तेव्हा पन्नास लिटरने १६ किलोवॅट दिले. १५० वरून १९० वर जाताना चाळीस लिटरने साडेचारच दिले. त्यापुढचे चाळीस लिटर उलट पाच किलोवॅट खाऊन गेले. २३० लिटरला मिळणारी शक्ती १५० लिटरच्याही खाली आहे. सुरुवातीच्या ऑपरेटरने नेमके हेच केले होते.

शिखर कुठे येते हे आधीच सांगता येते. घट `k*Q^2` मानली तर शक्ती `Q*(H - k*Q^2)` च्या प्रमाणात असते, आणि ती कमाल होते `k*Q^2 = H/3` असताना. म्हणजे ग्रॉस हेडाचा तिसरा हिस्सा पाइपमध्ये गेला की शिखर. आपल्याकडे तिसरा हिस्सा २० मीटर, आणि तक्त्यात १९० लिटरला घट २०.३ आहे. खरे तर `f` प्रवाहाबरोबर किंचित उतरतो, त्यामुळे `k` अगदी स्थिर नसतो. १५० लिटरच्या आकड्यांवरून तो ५६७ येतो, १०० लिटरच्या आकड्यांवरून ५७९. म्हणून `k` काढायचा तो चालवायच्या प्रवाहाच्या जवळपास.

या तिसऱ्या हिश्श्याचा एक विपर्यास वारंवार ऐकू येतो: पेनस्टॉक असाच आखावा की तिसरा हिस्सा हेड जाईल, कारण तिथे शक्ती कमाल आहे. ते खरे आहे, पण आधीच पुरलेल्या पाइपसाठी. त्या पाइपमधून जास्तीत जास्त किती पिळता येईल, एवढेच ते सांगते. नवा पाइप निवडताना पाणी ठरलेले असते आणि व्यास आपल्या हातात असतो. तेव्हा चार ते दहा टक्के घट हीच शहाणी मर्यादा. आपल्या उदाहरणात १२.७५ मीटर म्हणजे २१ टक्के घट आहे, म्हणजे पाइप लहान निवडला गेला आहे.

व्यास ३५० केला तर

तोच १५० लिटर प्रवाह ३५० मिलिमीटरच्या पाइपमधून नेऊ. वेग १.५६ मीटर प्रति सेकंदावर येतो, वेग-हेड ०.१२४ मीटर, `f` ०.०१७४ च्या आसपास. पाइपमधली घट ५.५३ आणि बाकीची ०.३१, मिळून ५.८४ मीटर, म्हणजे जवळपास दहा टक्के. नेट हेड ५४.१६ मीटर आणि पाण्याची शक्ती ७९.७ किलोवॅट.

व्यास सहाव्या हिश्श्याने वाढवला आणि घट निम्म्याहून कमी झाली. विजेत सांगायचे तर जवळजवळ ७.८ किलोवॅट जास्त. केंद्र वर्षाला ६००० तास पूर्ण पाण्यावर चालले तर ४६,००० हून जास्त युनिट. जाडी तीच ठेवली तर पोलाद साधारण सतरा टक्के जास्त लागते. आता ही जास्तीची युनिटे आणि जास्तीचे पोलाद शेजारी-शेजारी मांडून निर्णय घ्यायचा. त्यापुढच्या ४०० च्या पाइपचाही हिशेब तसाच करावा. तिथे उरलेली घटच लहान असते, त्यामुळे फायदाही लहान होतो आणि कुठे थांबायचे ते कळते.

मोठ्या पाइपच्या बाजूने आणखी एक मुद्दा हेडात दिसत नाही. ९०० मीटर लांबीतले पाणी अचानक अडवले तर दाबाचा धक्का बसतो, आणि तो वेगाच्या सरळ प्रमाणात असतो. वेग २.१२ वरून १.५६ वर आला की धक्काही चौथ्या हिश्श्याहून जास्त कमी होतो.

प्रवाह आपण नव्हे, नॉझल ठरवते

आतापर्यंत १५० लिटर प्रवाह आहे असे धरून चाललो. प्रत्यक्षात पाइपला आपला आकडा ठाऊक नसतो. पाइपमधून किती पाणी जाईल ते टोकाच्या छिद्रावर ठरते. नॉझलमधून सुटणाऱ्या धारेचा वेग नेट हेडावर अवलंबून असतो:

```
Vj = 0.97 * sqrt(2 * g * Hn)
```

३०० च्याच पाइपवर नेट हेड ४७.२५ घातले तर धारेचा वेग २९.५ मीटर प्रति सेकंद येतो. १५० लिटर दोन धारांत वाटायचे तर प्रत्येक धार ५७ मिलिमीटर व्यासाची हवी.

ज्याने ग्रॉस हेड ६० धरूनच नॉझल मागवली, त्याच्या हिशेबात धारेचा वेग ३३.३ येतो आणि धार ५३.६ मिलिमीटरची. ते साडेतीन मिलिमीटर कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. पण ती नॉझल बसवली की पाइप आणि छिद्र यांची तडजोड १३६ लिटरवर होते. नेट हेड ४९.५ मिळते आणि पाण्याची शक्ती ६६ किलोवॅट. सांडव्यावरून १४ लिटर पाणी कायम वाहत राहते आणि कारण कोणालाच सापडत नाही.

त्याहून मोठे नुकसान चक्राच्या वेगाचे होते. चक्राच्या वाट्यांचा वेग धारेच्या वेगाच्या निम्म्याहून थोडा कमी असताना असे टर्बाइन सर्वांत चांगले चालते. ६० मीटरसाठी बनवलेल्या चक्राला ४७ मीटरची धार मिळाली तर धार ११ टक्के मंद असते. जनरेटर ग्रिडला जोडलेला असल्याने चक्र मात्र ठरल्या वेगानेच फिरणार, म्हणजे धारेच्या मानाने जास्त वेगाने. ८२ टक्के कार्यक्षमता मग कागदावरच राहते. म्हणून टर्बाइन मागवताना चौकशीपत्रात ग्रॉस हेड, ठरलेल्या प्रवाहाचे नेट हेड आणि तो प्रवाह, असे तिन्ही आकडे वेगवेगळे लिहावेत. एकच 'हेड' लिहिले तर समोरचा आपल्या सोयीचा अर्थ घेतो.

केंद्र चालू असताना गेज काय सांगते

हिशेब खरा ठरला की नाही हे तपासायला नॉझलच्या अलीकडचे एक चांगले प्रेशर गेज पुरते. नॉझल बंद असताना ५.९ बार दिसायला हवेत. १५० लिटर चालू असताना नेट हेड ४७.२५ मीटर, पण त्यातला ०.२३ मीटर भाग पाण्याच्या वेगात आहे आणि तो गेजला दिसत नाही. उरलेल्या ४७.०२ मीटरचे ४.६ बार होतात. बंद आणि चालू यांतला फरक १.२७ बार. हा फरक केंद्र सुरू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात भिंतीवर रंगवून ठेवावा. पुढे काही बिघडले की तुलनेला तोच लागतो.

समजा दोन वर्षांनी, नॉझल तेवढेच उघडे असताना, ४.३ बार दिसू लागले. फोरबे भरलेली आहे आणि बंद स्थितीत गेज अजून ५.९ दाखवते, म्हणजे गेज ठीक आहे. नॉझलचे छिद्र तेच असल्याने प्रवाह हेडाच्या वर्गमुळाने बदलतो. नेट हेड आता सुमारे ४४ मीटर, म्हणून प्रवाह १५० वरून १४५ लिटरवर आला असणार. घट १६ मीटर आहे. तिला या प्रवाहाच्या वर्गाने भागले की `k` ७६० च्या घरात येतो. पूर्वी तो ५६७ होता, म्हणजे पाइपचा अडथळा एक-तृतीयांशाने वाढला आहे. शक्ती मात्र दहाच टक्के उतरली आहे, म्हणून किलोवॅटचा मीटर पाहणाऱ्याला ते उशिरा कळते आणि `k` काढणाऱ्याला लवकर.

अडथळा कुठे आहे हे शोधायला पेनस्टॉकच्या मध्यावर, ४५० मीटरवर, एक छोटा टॅप आणि गेज ठेवलेले असावे. त्या जागेची उंची माहीत असण्याची गरज नाही. तिथलाही बंद आणि चालू यांतला फरकच पाहायचा. धडधाकट पाइपमध्ये या १४५ लिटरच्या प्रवाहाला मध्यावर सुमारे ०.६ बार फरक पडतो. आता तिथे अजूनही ०.६ च दिसत असेल तर वरचा अर्धा भाग निर्दोष आहे आणि दोष खालच्या अर्ध्यात शोधायचा. तिथे बहुधा व्हॉल्व्हची चकती अर्धवट फिरलेली असते, किंवा दुभाग्यात लाकूड अडकलेले असते. १ बार दिसला तर सगळा जास्तीचा अडथळा वरच्या अर्ध्यात, तोंडाशी किंवा एखाद्या उंचवट्यावर साचलेल्या हवेत. हवा असेल तर गेजचा काटा स्थिर राहत नाही, थरथरतो, आणि उंचवट्यावरचा हवेचा व्हॉल्व्ह उघडला की फुसकारा मारत हवा निघते. आणि ०.८ दिसला तर अडथळा सगळीकडे सारखा पसरलेला आहे, म्हणजे गंज किंवा भिंतीवर चढलेला गाळ-शेवाळाचा थर. तिथे व्हॉल्व्ह उघडबंद करून काही होत नाही, पाइप आतून खरवडावा लागतो.

हे सगळे करण्याआधी जाळीच्या दोन्ही बाजूंची पाण्याची पातळी मात्र पाहून यावी. एकदा मध्यावरच्या गेजचे आकडे घेत मी अर्धा दिवस घालवला होता. जाळीवर पानांचा थर चढून आतले पाणी बाहेरच्यापेक्षा दीड मीटर खाली गेले होते आणि तोंडाशी भोवरा होऊन हवा आत जात होती. फोरबे भरलेली आहे असे फोनवर सांगणारा माणूस जाळीच्या बाहेर उभा राहून पाहत होता.